पीटी पॅनल बदललं, काटा बारावर येतो, तरी ब्रेकर टाकायचा का?

शिफ्ट_बी:
नमस्कार मंडळी. मी गोव्यातल्या एका कारखान्याच्या पॉवर हाऊसमध्ये कामाला लागून अजून वर्ष व्हायचंय, त्यामुळे प्रश्न साधा वाटला तर सांभाळून घ्या.

आमचा एक स्टीम टर्बाइन सेट आहे. अल्टरनेटर १५ एमव्हीए, ११ केव्ही, १५०० आरपीएम. टर्बाइन त्याच्यापेक्षा बरीच जोरात फिरते, मध्ये गिअरबॉक्स. अकराची बस ट्रान्सफॉर्मरमधून ३३ केव्ही लाइनला जोडलेली. पावसाळ्यात ही लाइन वारंवार जाते, सेट आयलंडवर राहतो किंवा ट्रिप होतो, आणि मग परत सिंक करावं लागतं. जून-जुलैत हे काम आम्हाला रोजचंच.

या शटडाउनमध्ये जनरेटरकडचं पीटी पॅनल ठेकेदाराने बदललं. जुन्या केबल गंजल्या होत्या, त्यामुळे मार्शलिंग बॉक्सपर्यंत सगळी वायरिंग नवी झाली. काल सेट फुल स्पीडला आणला, एक्साइटेशन दिलं. व्होल्टेज जुळलं, फ्रिक्वेन्सी जुळली, फेज सिक्वेन्स मीटर दोन्हीकडे सरळ फिरला. सिंक्रोस्कोपही नेहमीसारखा सावकाश घड्याळाच्या दिशेने फिरत होता. साहेब म्हणाले, सगळं जुळतंय, घ्या सिंकला. पण आमच्या फोरमनकाकांनी साफ नकार दिला. "पीटीला हात लागलाय, तपासल्याशिवाय मी ब्रेकर टाकणार नाही" असं म्हणाले आणि सेट खाली आणला. वर वातावरण तापलंय.

माझे दोन प्रश्न. चारही गोष्टी जुळत असताना आणखी काय तपासायचं असतं? आणि समजा अँगल चुकलाच, तर नेमकं काय होतं? कॉलेजात "मोठा करंट येतो" एवढंच शिकवलं होतं.

---

म्हापशाची_लॉजवाली:
आमच्याकडेही हाच घोळ चालू आहे म्हणून विचारते. आमच्या लॉजला १२५ केव्हीएचा जनसेट आहे आणि गच्चीवर सोलर. लाइट गेली की जनसेट आपोआप सुरू होतो. नवीन इलेक्ट्रिशियन म्हणतो, लाइट परत येते तेव्हा जनसेट आणि लाइन सिंक करायला पॅनल घ्यावं लागेल, नाहीतर अल्टरनेटर जळेल. खरं आहे का हे?

---

फोंड्याचा_टर्बाइनवाला:
आधी ताईंना उत्तर देतो, म्हणजे मग धागा मूळ विषयावर राहील. ताई, तुमच्या चेंजओव्हरमध्ये लाइनचा आणि जनसेटचा कॉन्टॅक्टर एकमेकांना इंटरलॉक केलेले असतात. एक सुटल्याशिवाय दुसरा लागतच नाही. दोघांची गाठच पडत नसेल तर सिंक कसलं करायचं? फक्त ते इंटरलॉक मेकॅनिकलही आहे का, हे त्याला उघडून दाखवायला सांगा. सोलरचा इन्व्हर्टर स्वतःच लाइनशी जुळवून घेतो. मात्र जनसेट चालू असताना सोलरही चालू राहतो का, तेवढं विचारून घ्या. दुपारी लॉज रिकामं असताना सोलर जास्त झाला तर तो जनसेटला उलटा ढकलतो. तो विषय वेगळा, त्यावर स्वतंत्र धागा काढा.

आता शिफ्ट_बी. बाळा, तुझ्या फोरमनकाकांना माझा नमस्कार सांग. त्यांनी सेट वाचवला की नाही ते तपासणीनंतर कळेल, पण निर्णय शंभर टक्के बरोबर आहे.

तू म्हणतोस चार गोष्टी जुळल्या. त्या कुणी सांगितल्या तुला? व्होल्टमीटरने, फ्रिक्वेन्सी मीटरने, सिक्वेन्स मीटरने आणि सिंक्रोस्कोपने. यातला एकही मीटर अकरा हजार व्होल्ट बघत नाही. सगळे पीटीच्या सेकंडरीवरचे ११० व्होल्ट बघतात. सिंक-चेक रिले तेच बघतो, ऑटो-सिंक्रोनायझर असला तर तोही तेच. एकाच खिडकीतून चौघांनी बाहेर बघितलं म्हणून चार साक्षी होत नाहीत. काच रंगीत असली तर चौघांनाही तोच रंग दिसणार.

आता ही वायरिंग कशी चुकू शकते ते बघ. दोन वायरींची अदलाबदल झाली, म्हणजे आर आणि वाय एकमेकांच्या जागी गेल्या, तर सिक्वेन्स उलटा होतो आणि मीटर लगेच पकडतो. पण तिन्ही वायरी एकेक घर सरकल्या तर? आरच्या टर्मिनलवर वाय, वायच्या टर्मिनलवर बी, बीच्या टर्मिनलवर आर. सिक्वेन्स आता वाय-बी-आर झाला, आणि तो आर-वाय-बी सारखाच सरळ आहे. सिक्वेन्स मीटर खूश. व्होल्टेज तेच, फ्रिक्वेन्सी तीच. सिंक्रोस्कोपचा काटा नेहमीसारखाच फिरणार, बारावर येणार. फक्त तो बारावर असेल तेव्हा खरा अँगल शून्य नसून १२० डिग्री असेल. त्या क्षणी ब्रेकर टाकलास की संपलं.

---

वास्कोचा_ईटीओ:
मी बोटीवर इलेक्ट्रिकल ऑफिसर आहे, सध्या सुट्टीवर घरी. आम्ही जहाजावर जनरेटर दिवसातून कितीतरी वेळा पॅरलल करतो. माझा सल्ला, सिंक्रोस्कोपवर शंका असेल तर सिंकिंग लॅम्प बघायचे. लॅम्प खोटं बोलत नाहीत. अँगल शून्य असेल तरच विझतात.

आणि १२० पेक्षा १८० वाईट. दोन्ही व्होल्टेज समोरासमोर येतात, ब्रेकरवर दुप्पट व्होल्टेज पडतं. त्यापेक्षा वाईट काही नसतं.

---

वेर्णा_रिले_टेस्टिंग:
ईटीओ दादा, दोन्ही मुद्द्यांवर थोडं थांबवते.

लॅम्पबद्दल तुमचं म्हणणं तुमच्या जहाजावर बरोबर आहे, कारण तिथे बस ४४० व्होल्टची आणि लॅम्प बहुतेक सरळ बसबार आणि मशीनच्या मध्ये लागलेले. इथे ११ केव्ही आहे. लॅम्प लावलेच तरी ते पीटीमधूनच येणार. टर्बाइनवाले काका म्हणतात त्याच खिडकीत पाचवा माणूस उभा राहिला, एवढंच. शिवाय डार्क लॅम्पमध्ये फिलामेंट लाल दिसायला थोडंफार व्होल्टेज लागतंच, त्यामुळे शून्याच्या अलीकडे-पलीकडे बऱ्याच अँगलपर्यंत दिवा विझलेलाच दिसतो.

१८० चा मुद्दा करंटपुरता खरा आहे. शाफ्टसाठी खरा नाही. शिफ्ट_बीच्या मशीनवरच आकडे टाकून बघू.

अल्टरनेटरचा सबट्रान्झियंट रिअॅक्टन्स नेमप्लेटवर किंवा टेस्ट रिपोर्टमध्ये असतो. १६ टक्के धरते. ११/३३ चा ट्रान्सफॉर्मर १६ एमव्हीए, १० टक्के धरला तर १५ एमव्हीएच्या हिशेबाने ९.४ टक्के. ३३ च्या बसवर फॉल्ट लेव्हल ५०० एमव्हीए धरली तर आणखी ३ टक्के. एकूण २८.४ टक्के, म्हणजे X = 0.284. फुल लोड करंट ७८७ अँपिअर.

```
I = 2 × sin(δ/2) / X
T = (sin δ + 2 × sin(δ/2)) / X
```

पहिलं सूत्र करंटचं, डीसी भाग न धरता. दुसरं एअरगॅपमध्ये पहिल्या काही सायकलमध्ये जो टॉर्क उसळतो त्याच्या शिखराचं. रेझिस्टन्स आणि डॅम्पिंग धरलेलं नाही, त्यामुळे प्रत्यक्षात थोडं कमी येईल, पण अंदाजाला पुरेसं आहे. टॉर्क १५ एमव्हीएच्या पटीत वाचायचा.

१० डिग्रीला करंट ०.६ पट, टॉर्क १.२ पट. मशीन हे सहज सोसतं. ३० डिग्रीला करंट १.८ पट, टॉर्क ३.६ पट. १२० ला करंट ६.१ पट म्हणजे साधारण ४८०० अँपिअर, आणि टॉर्क ९.१ पट. १८० ला करंट ७ पट म्हणजे साडेपाच हजार अँपिअर, पण टॉर्क ७ पटच.

१८० ला करंट जास्त असूनही टॉर्क कमी का? टॉर्कचे दोन भाग असतात. एक ५० हर्ट्झने हेलकावणारा, तो करंटबरोबर वाढतो. दुसरा एकाच दिशेने ढकलणारा, तो sin δ बरोबर चालतो आणि १८० ला शून्य होतो. दोघांची बेरीज सगळ्यात मोठी १२० ला येते. आणि पीटीच्या वायरी सरकल्या की मिळणारा अँगल नेमका तोच.

---

वास्कोचा_ईटीओ:
लॅम्पचं मान्य, ११ केव्हीचा विचार डोक्यात नव्हता. पण वाइंडिंगचं काय? ओव्हरहँगवरचा जोर करंटच्या वर्गाने वाढतो ना? मग तुमच्याच आकड्यांनी १८० ला तो १२० पेक्षा सव्वापटीहून जास्त येतो.

---

वेर्णा_रिले_टेस्टिंग:
हो, ते बरोबर धरलंत. ओव्हरहँग आणि ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगसाठी १८० वाईट, शाफ्ट-कपलिंग-गिअरसाठी १२० वाईट. इथे गिअरबॉक्स आहे म्हणून मला १२० ची जास्त धास्ती वाटते. अल्टरनेटरच्या टर्मिनलवर थ्री फेज शॉर्ट झाला तर करंट 1/0.16, म्हणजे सव्वासहा पट. बिल्डर मशीन तेवढ्याला बांधतो. इथे १८० ला त्याच्या वर जातोय. आणि ट्रान्सफॉर्मर मध्ये नसता, अल्टरनेटर थेट मोठ्या बसवर असता, तर X आणखी लहान आणि सगळे आकडे आणखी मोठे.

---

सबस्टेशन_नाइट_शिफ्ट:
एवढं घाबरवू नका हो त्या पोराला. मी ३३ केव्हीच्या सबस्टेशनला असतो. आमच्याकडचा सिंक-चेक रिले ३० डिग्रीला सेट आहे आणि गेली कित्येक वर्षं काही झालेलं नाही. १० डिग्री, १५ डिग्री हे सगळं पुस्तकी आहे.

---

फोंड्याचा_टर्बाइनवाला:
बाब, तुमची सेटिंग तुमच्या जागी ठीक आहे. तुम्ही दोन लाइनी जोडता, ज्या मागून कुठेतरी एकाच ग्रिडला बांधलेल्याच असतात. तिथला अँगल लोडमुळे पडलेला असतो आणि तो फिरत नाही. ब्रेकर टाकला की थोडं लोड इकडचं तिकडे जातं. तिथे कुणाचा शाफ्ट पिळायला नाही. जनरेटरच्या ब्रेकरवर मात्र एका बाजूला सुट्टा फिरणारा रोटर असतो. तिथे आयईईईच्या C50.12 आणि C50.13 मध्ये मर्यादा दिल्यात त्या पुस्तकी नाहीत, मशीन बांधणाऱ्यांनी मान्य केलेल्या आहेत. अँगल १० डिग्रीच्या आत, व्होल्टेज बसपेक्षा शून्य ते ५ टक्के जास्त, स्लिप ०.०६७ हर्ट्झच्या आत. ०.०६७ म्हणजे काट्याचा एक फेरा १५ सेकंदांत.

शिफ्ट_बी, यातलं व्होल्टेज बरंच माफ करतं. तुझ्या मशीनवर ५ टक्के फरक राहिला तर एकशेचाळीस अँपिअरच्या आसपास रिअॅक्टिव्ह करंट येईल आणि एव्हीआर सावरून घेईल. अँगल माफ करत नाही. आणि अँगल म्हणजे तू स्विच फिरवलास त्या क्षणाचा नव्हे, ब्रेकरचे कॉन्टॅक्ट टेकतात त्या क्षणाचा. ब्रेकरला ६० मिलीसेकंद लागतात असं धर. काटा १५ सेकंदांत फेरा घेत असेल तर तेवढ्या वेळात दीड डिग्रीसुद्धा पुढे जात नाही. पण दोन सेकंदांत फेरा घेणाऱ्या काट्यावर घाई केलीस तर तेवढ्याच वेळात ११ डिग्री गेले. लाइन गेली असताना वरून फोनवर फोन येतात, तेव्हा माणूस नेमकी हीच घाई करतो. गव्हर्नरवर हात ठेव, काटा संथ कर, मग पाच मिनिटं कमी होवोत की जास्त.

काटा घड्याळाच्या दिशेनेच फिरता ठेवायचा, म्हणजे मशीन किंचित पुढे. टेकताच थोडं लोड घेतं. मागे असताना टेकवलंस तर मोटर होऊन लाइनमधून ओढायला लागतं आणि रिव्हर्स पॉवर रिले आणखी एक ट्रिप देतो. काट्याला बारावर पूर्ण थांबवून टाकणारेही मी बघितलेत. मला ते पटत नाही. फिरणारा काटा जिवंत आहे हे दिसतं, थांबलेला काटा जुळलाय की अडकलाय हे कसं ओळखणार?

---

शिफ्ट_बी:
काका, ताई, खूप आभार. आता लख्ख कळलं. साहेबांना मी टॉर्कचे आकडे दाखवले, ते थोडे नरमले आहेत. पण त्यांचं म्हणणं, समजा चुकलंच तर डिफरेन्शियल रिले लगेच ट्रिप देईल ना?

---

वेर्णा_रिले_टेस्टिंग:
नाही देणार, आणि देऊही नये. डिफरेन्शियल वाइंडिंगच्या दोन टोकांचा करंट ताडून बघतो. चुकीच्या अँगलला ब्रेकर टाकल्यावर जो करंट येतो तो मशीनमधून आरपार जातो. जेवढा न्यूट्रलकडून आत, तेवढाच टर्मिनलकडून बाहेर. रिलेला वाटतं, फॉल्ट माझ्या हद्दीत नाही. ओव्हरकरंटला टाइम डिले असतो. एखादा इन्स्टंटेनियस एलिमेंट लागला तरी ब्रेकर उघडेपर्यंत टॉर्कची पहिली, सगळ्यात मोठी उसळी होऊन गेलेली असते. ती पहिल्या एक-दोन सायकलमध्येच येते, म्हणजे २० ते ४० मिलीसेकंदांत. शाफ्टला कुठलाच रिले वाचवत नाही. जे वाचवायचं ते ब्रेकर टाकण्याआधीच.

---

पणजीचा_मेंटेनन्स:
मी एकदा अशा घटनेनंतरच्या तपासणीला गेलो होतो. जागा आणि नाव सांगत नाही, गोव्याबाहेरचं आहे. ब्रेकर टाकताच पूर्ण हॉलमध्ये धक्का जाणवला, दिवे मंदावले आणि मशीन गुरगुरत ट्रिप झालं असं ऑपरेटर सांगत होते. बाहेरून सगळं जसंच्या तसं. लोक म्हणत होते, परत घ्या, काही झालेलं नाही.

कपलिंगचं गार्ड काढलं. दोन फ्लँज जिथे एकमेकांना टेकतात तिथे आम्ही अलाइनमेंटच्या वेळी छिन्नीने एक सरळ खूण करून ठेवतो. ती खूण तुटून दोन अर्ध्या रेघा झाल्या होत्या, मध्ये नखभर अंतर. बोल्ट हाताला घट्टच लागत होते. एकेक काढून बघितला तेव्हा प्रत्येकाच्या मधल्या भागावर, फ्लँजच्या सांध्याच्या जागी, एक पायरी पडलेली. पिनियनच्या दातांवर डाय-पेनिट्रंट मारला आणि मुळाशी लाल रेषा उमटली. अल्टरनेटरचं एंड कव्हर काढलं तर ओव्हरहँगच्या बांधण्यांपाशी पिवळसर पांढरी पूड पडली होती. बांधणी ढिली होऊन घासली की अशी पूड येते. मेगर मात्र एकदम चांगला आला होता! मेगर बघून मशीन परत घेतलं असतं तर पुढचं काय झालं असतं ते सांगायला नको.

---

फोंड्याचा_टर्बाइनवाला:
हे प्रत्येकाने वाचावं. मेगर इन्सुलेशन सांगतो, बांधणीचं सांगत नाही आणि शाफ्टचं तर नाहीच.

आता तपासणी कशी करायची ते. मुद्दा एकच, दोन्ही पीटींना एकच सोर्स दाखवायचा. सोर्स एक असला की खरा अँगल शून्यच असणार, मग जो अँगल दिसेल तो सगळा वायरिंगचा.

पहिली पद्धत बॅकफीड. अल्टरनेटरच्या टर्मिनलवरच्या लिंक सोडायच्या, पीटी ब्रेकरच्या बाजूला तसेच ठेवायचे आणि बसकडून ब्रेकर टाकायचा. लिंक सोडल्या आहेत हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, परमिटवर लिहायचं. नाहीतर थांबलेलं मशीन थेट लाइनवर मोटर म्हणून चालू केल्यासारखं होईल. या पद्धतीत अँगल तपासला जातो, पण मशीनचा स्वतःचा सिक्वेन्स तपासला जात नाही, कारण मशीन सुटलेलंच आहे. लिंक परत जोडल्यावर तो वेगळा बघावा लागतो.

दुसरी पद्धत मला जास्त आवडते. बस रिकामी आणि मृत करायची, मशीन फुल स्पीडला आणून एक्साइट करायचं आणि डेड बसवर ब्रेकर टाकायचा. लिंकना हात लावायला नको. बस पीटी आणि जनरेटर पीटी दोघांनाही आता मशीनच दिसतंय. सिंक्रोस्कोप बारावर येऊन स्थिर राहिला पाहिजे. आणि सिक्वेन्स मीटर बस पीटीवर एकदा ग्रिड असताना, एकदा मशीन असताना लावायचा. दोन्ही वेळी एकाच दिशेने फिरला की मशीनचा सिक्वेन्सही सिद्ध झाला.

नुसत्या काट्यावर थांबू नकोस. मल्टिमीटरने दोन्ही पीटींच्या सेकंडरीमध्ये नऊ रीडिंग घ्यायची. बसच्या आरकडून जनरेटरच्या आर, वाय, बी. मग वायकडून तिन्ही. मग बीकडून तिन्ही. सारख्या नावांमध्ये शून्य आणि वेगळ्या नावांमध्ये ११० यायला पाहिजे. दोन्ही पीटींचा स्टार पॉइंट अर्थ आहे का ते आधी ड्रॉइंगवर बघ. काही ठिकाणी वाय फेजला अर्थ असतो, तिथे हिशेब वेगळा.

---

शिफ्ट_बी:
अडचण बस मृत करण्याची आहे. सगळा कारखाना त्याच बसवर. प्रॉडक्शनवाले ऐकणार नाहीत.

---

सबस्टेशन_नाइट_शिफ्ट:
मग फेजिंग स्टिक वापरा. ब्रेकर बाहेर ओढून वरच्या-खालच्या स्पाउटमध्ये सरळ ११ केव्हीवर स्टिक लावायच्या. काटा बारावर असताना शून्य दाखवलं तर बरोबर. पीटीचा संबंधच नाही.

---

फोंड्याचा_टर्बाइनवाला:
तत्त्व अगदी बरोबर. प्रायमरीवरच बघितलं की खोटं बोलायला कुणी उरत नाही. पण जिवंत ११ केव्हीच्या दोन्ही बाजूंची शटर उघडी धरून स्टिक घालायच्या, तेही काटा फिरत असताना. मी हे कधीच कुणाला करायला सांगितलेलं नाही आणि आताही सांगणार नाही.

---

सबस्टेशन_नाइट_शिफ्ट:
योग्य हातमोजे, टेस्ट केलेल्या स्टिक आणि दोन माणसं असली की आम्ही करतो. तुमचं मत वेगळं असू शकतं.

---

वेर्णा_रिले_टेस्टिंग:
शिफ्ट_बी, तुमच्या बसला कपलर आहे का? दोन सेक्शन असतील तर पूर्ण बस मृत करायची गरजच नाही. लोड आणि ग्रिड एका सेक्शनवर ठेवा आणि ज्या सेक्शनवर जनरेटरचा ब्रेकर व त्याचा बस पीटी आहे तो रिकामा करा. कपलर उघडा, बाहेर ओढा, कुलूप. मग डेड बस टेस्ट. सिंक-चेकमध्ये डेड बस क्लोजिंगची परवानगी असावी लागेल, ती टेस्ट झाली की परत काढायची.

---

शिफ्ट_बी:
कपलर आहे! फोरमनकाकाही हेच म्हणाले. रविवारची परवानगी मागतो.

---

शिफ्ट_बी:
मंडळी, टेस्ट झाली. काल संध्याकाळी सेक्शन एक रिकामा केला, कपलर बाहेर, कुलूप, चावी फोरमनकाकांच्या खिशात. सेट फुल स्पीडला, एक्साइटेशन हळूहळू ११ केव्हीपर्यंत, डेड बसवर ब्रेकर टाकला. सगळे सिंक्रोस्कोपकडे बघत होतो.

काटा आठावर जाऊन थांबला. बारावर नाही, आठावर.

मग रीडिंग घेतली. बसचा आर आणि जनरेटरचा आर, ११०. बसचा आर आणि जनरेटरचा बी, शून्य. बसचा वाय आणि जनरेटरचा आर, शून्य. बसचा बी आणि जनरेटरचा वाय, शून्य. बाकी सगळीकडे ११०. साहेब स्वतः उभे होते, त्यांनी मीटर हातात घेऊन तिन्ही शून्य रीडिंग परत घेतली. मग फोरमनकाकांना म्हणाले, "तुम्ही थांबवलंत म्हणून." पुढे काही बोलले नाहीत.

मार्शलिंग बॉक्समध्ये नव्या केबलचे फेरूल नंबर ड्रॉइंगप्रमाणेच होते, पण पॅनलच्या बाजूला त्या कोरी एक घर पुढे बसल्या होत्या. दोन्ही टोकांचे नंबर बरोबर, मधल्या जोडणीत तिन्ही सरकल्या.

---

फोंड्याचा_टर्बाइनवाला:
म्हणजे अगदी तेच. जनरेटरच्या आर टर्मिनलवर प्रत्यक्षात वाय येत होता, वाय १२० ने मागे, म्हणून काटा आठावर. परवा काटा बारावर असताना ब्रेकर टाकला असतात तर मशीन खरं तर १२० डिग्री पुढे असतं, ताईंनी काढलेल्या नऊ पटीच्या आकड्यावर.

---

वेर्णा_रिले_टेस्टिंग:
छान काम केलंत. आता दुरुस्ती कुठे करणार ते नीट ठरवा. सिंक पॅनलच्या टर्मिनलवर वायरी फिरवून काटा बारावर आणला तर सिंक्रोस्कोप खरा होईल, पण त्याच पीटीवरून एमडब्ल्यू मीटर, रिव्हर्स पॉवर आणि लॉस ऑफ फील्डचे रिले चालत असतील. त्यांना अजूनही सरकलेलं व्होल्टेज आणि न सरकलेला करंट मिळत राहील. त्यांच्या दृष्टीने पॉवर फॅक्टर १२० डिग्री हललेला असेल. लोड घेतल्यावर रिव्हर्स पॉवर विनाकारण ट्रिप देईल, किंवा जिथे द्यायला हवी तिथे देणार नाही. म्हणून दुरुस्ती चूक जिथे झाली तिथेच, मार्शलिंग बॉक्स आणि पॅनलच्या मधल्या जोडणीत. त्यानंतर डेड बस टेस्ट परत. मग सिंक करून थोडं लोड घ्या आणि प्रत्येक रिलेच्या डिस्प्लेवर फेज अँगल वाचा.

---

शिफ्ट_बी:
ताई, जोडणी तिथेच दुरुस्त केली. रात्री दुसऱ्यांदा टेस्ट घेतली, काटा बारावर स्थिर, नऊच्या नऊ रीडिंग बरोबर. सिक्वेन्स बस पीटीवर ग्रिडने आणि मशीनने एकाच दिशेने. आज पहाटे सिंक केलं, काट्याचा फेरा वीस सेकंदांच्या आसपास ठेवला होता. काहीही जाणवलं नाही, फक्त एमडब्ल्यू मीटरचा काटा किंचित वर सरकला. देव बरें करूं सगळ्यांना.

एक शंका राहिलीय. एव्हीआरला सेन्सिंग याच पीटीच्या दुसऱ्या कोअरमधून जातं. तीही केबल ठेकेदारानेच बदललीय. व्होल्टेज मॅग्निट्यूड तर बरोबर येतंय, मग तिथे वायरी सरकल्या असतील तर फरक पडेल का?

---

वास्कोचा_ईटीओ:
नुसतं व्होल्टेज धरून ठेवायचं असेल तर नाही. पण तुमच्या एव्हीआरला ड्रूपसाठी सीटी लावलाय का?

---

शिफ्ट_बी:
लावलाय, बहुतेक बी फेजला. ड्रॉइंग बघून सांगतो.

---

वेर्णा_रिले_टेस्टिंग:
सीटी असेल तर फरक पडणार. ड्रूपला रिअॅक्टिव्ह करंट वाचायचा असतो, अँगल हलला की तो केडब्ल्यूलाच केव्हीएआर समजतो. लोड वाढवताना एक्साइटेशन स्वतःहून वर किंवा खाली चालू लागतं का बघा. ड्रॉइंग मिळेपर्यंत लोड तीन-चार मेगावॅटच्या वर नेऊ नका.

---

फोंड्याचा_टर्बाइनवाला:
आणि एव्हीआर ऑटोवर असताना कुणीतरी केव्हीएआर मीटरसमोर उभं राहा. ड्रॉइंग टाक इथे, बघतो.